लेकी, पाटी पेंटरकडे टाकण्याआधी एवढं ऐक

तू पाठवलेला पाटीचा मजकूर वाचला. ‘24 तास सेवा. सर्व प्रकारची औषधे मिळतील. आपल्या आरोग्याचा विश्वासू साथी.’ यातली एकही ओळ ठेवू नकोस. तुझ्या मनात खोट नाही, हे मला ठाऊक आहे. पण रात्री साडेदहाला बोधडीकडून मोटारसायकलवर तापाचं पोर घेऊन जो माणूस येतो, त्याला या तिन्ही ओळींचा काडीचा उपयोग नाही.

त्या माणसाच्या डोक्यात तीन प्रश्न असतात. दुकान आत्ता उघडं आहे का? मला हवं ते इथं मिळेल का? आणि नाही मिळालं, तर पुढं कुठं जाऊ? नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये एक मेडिकल बंद असलं तर माणूस चार पावलं टाकून दुसऱ्यात जातो. इस्लापुरात तसं नाही. इथून किनवट काय, हिमायतनगर काय, अंधारात जायचं म्हणजे मोठा पल्ला. तुझ्या पाटीवर विश्वासून तो पुढं गेला नाही आणि तुझं शटर खाली असलं, तर त्याची रात्र वाया गेली. पुन्हा तो तुझ्या दारात येणार नाही आणि सगळ्या तांड्याला सांगेल.

आधी वेळेची ओळ घे, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. औषध विक्रीच्या 1945 च्या नियमांनुसार चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावं लागतं, आणि तुझ्या दुकानात फार्मासिस्ट एकटी तू आहेस. तू झोपलीस की दुकानात पोरगा बसलेला असला तरी चिठ्ठीचं औषध देता येत नाही. महाराष्ट्रातल्या 2017 च्या दुकाने कायद्याने रात्रभर दुकान उघडं ठेवायची मोकळीक आहे, हे खरं. पण दुकान उघडं असणं आणि औषध देता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पाटीवरची वेळ ही शटरची वेळ नव्हे, तू स्वतः गल्ल्यामागे बसण्याची वेळ. ‘24 तास’ लिहायचं असेल तर पाळीपाळीने बसणारे तीन फार्मासिस्ट ठेव. ते आज परवडत नाही. मग तुला रोज झेपेल ती वेळ लिही.

आपण मागे बोललो तेव्हा तू सकाळी 9 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते रात्री 11 म्हणालीस. छान आहे. मग ओळ एवढीच: ‘रोज रात्री 11 पर्यंत’. यातला ‘रोज’ हा शब्द फार महाग आहे, तो पाळता येणार असेल तरच लिही. आठवड्यातून एक दिवस लवकर बंद करायचं असेल तर तो वार पाटीवर घाल. आणि साडेदहाला गिऱ्हाईक नाही म्हणून शटर ओढू नकोस. रात्रीच्या दुकानाचा शेवटचा अर्धा तास बहुतेक वेळा रिकामाच जातो, पण ज्या रात्री कुणी येतं त्या रात्री त्याला दुसरं काहीच उघडं नसतं. अकराचा शब्द दिला तर अकरा. झेपत नसेल तर ‘दहा पर्यंत’ लिही, त्यात कमीपणा नाही.

आता ही ओळ दिसली कशी पाहिजे ते सांगतो. बहुतेक पाट्या इथंच फसतात. पेंटर लोकांचा जुना हिशोब असा, की अक्षराची उंची एक इंच असली तर ते दहा फुटांवरून सहज वाचता येतं. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची, मात्रा-वेलांट्या आणि उकार सोडून. त्यांना वर-खाली वेगळी जागा लागते. ती दिली नाही तर ‘रात्री’ची वेलांटी वरच्या ओळीत घुसते आणि लांबून सगळा गुंता दिसतो. म्हणून आठ इंचांच्या अक्षरांच्या ओळीला पाटीवर साधारण तेरा इंच जागा धर.

तुझी पाटी दहा फूट रुंद आणि चार फूट उंच होईल, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच उंची हाताशी आहे. ‘मेडिकल’ आठ इंचांत, ‘रोज रात्री 11 पर्यंत’ही आठ इंचांत, या दोन ओळींना मिळून सव्वीस इंच गेले. दुकानाचं नाव चार इंचांत घाल, त्याला साडेसहा इंच पुरतात. उरलेले पंधरा-सोळा इंच रिकामे राहू दे. पेंटर म्हणेल, ताई, इथं मोबाईल नंबर बसतो, इथं गणपती बसतो. बसवू नकोस. रिकाम्या जागेमुळेच अक्षरं वाचता येतात. नाव लहान आणि वेळ मोठी ही गोष्ट तुझ्या बाबांना खटकेल, पण गावाला तुझं नाव महिनाभरात पाठ होईल. अनोळखी माणसाला रात्री नाव नको असतं.

आठ इंच का, तेही सांगतो. मोटारसायकल ताशी चाळीस किलोमीटरने जात असेल तर ती सेकंदाला सुमारे छत्तीस फूट पळते. आठ इंचांचं अक्षर ऐंशी फुटांवरून वाचता येतं, म्हणजे गाडीवरच्या माणसाला तुझ्या पाटीसाठी जेमतेम दोन सेकंद मिळतात. दोन सेकंदांत चार-पाच शब्द डोळ्यांत उतरतात, त्याहून जास्त नाही. म्हणून रस्त्यावरून वाचायच्या मजकुरात पाच शब्दांवर जाऊ नकोस. बाकीचं सारं दारापाशी थांबलेल्या माणसासाठी लिहायचं, तिथं बारीक अक्षर चालतं.

आणखी एक. दुकानाच्या कपाळावरची पाटी फक्त समोरून दिसते. रस्त्याने येणारा समोरून येत नाही, बाजूने येतो. त्याच्यासाठी रस्त्याला काटकोनात, दोन्हीकडून दिसेल असा लहान दिव्याचा डबा लाव आणि त्यावर फक्त हिरवं अधिकचं चिन्ह ठेव. वाचता न येणारा माणूसही ते ओळखतो. आपल्याकडे कोलाम, गोंड, बंजारा, तेलुगू बोलणारे असे सगळेच येतात, सगळ्यांना मराठी वाचता येतंच असं नाही. मात्र चिन्ह लाल करू नकोस. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस रेड क्रॉसचा आहे आणि 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने तो दुकानांना वापरता येत नाही. शिवाय मंद उजेडात आपल्या डोळ्याला लाल रंग काळपट दिसतो आणि हिरवा-निळा त्या मानाने उजळ. म्हणजे लाल अक्षरं दिवसा उठून दिसतात, पण दिवा गेला की सगळ्यात आधी तीच बुडतात.

मुख्य पाटी आतून उजेडाची करणार असशील तर पांढऱ्या पाटीवर गडद हिरवी अक्षरं घे आणि जाड घे. मागून उजेड आला की पांढरा भाग फुगल्यासारखा दिसतो आणि बारीक रेघ खाऊन टाकतो. उलट केलंस, म्हणजे गडद पाटीवर पांढरी अक्षरं घेतलीस, तर ती थोडी बारीक आणि सुटी हवीत, नाहीतर ती एकमेकांत मिसळतात आणि ‘त्र’ कुठला नि ‘त’ कुठला ते कळत नाही. लाल ठिपक्यांची सरकती पट्टी सध्या स्वस्तात मिळते. तिच्या नादी लागू नकोस. तिच्यात मात्रा आणि वेलांट्या तुटतात, आणि ‘रात्री 11 पर्यंत’ सरकत येईपर्यंत गाडीवाला पुढं गेलेला असतो.

आतल्या नळ्या बसवताना स्वतः उभी राहा. एक नळी गेली की तिच्यापुढची अक्षरं काळी पडतात. ‘11’ मधला एक आकडा एका नळीसमोर आणि दुसरा दुसरीसमोर आला, आणि त्यातली एक बंद पडली, तर पाटी ‘रात्री 1 पर्यंत’ सांगायला लागते. मग कुणी साडेबाराला येऊन शटर ठोठावेल आणि खोटारडी तू ठरशील. आकडे दोन्ही नळ्यांच्या उजेडात येतील असे मध्ये घे. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर रस्ता ओलांडून पलीकडे जा आणि पाटी एकदा वाच. लांबचं दिसायला चष्मा लागणारा एखादा शेजारी चष्मा काढून वाचू शकला, तर पाटी जमली.

सगळ्यात कामाची गोष्ट बटणाची आहे. वेळेच्या ओळीला आणि हिरव्या चिन्हाला वेगळं बटण घे. तू गल्ल्यावर बसलीस की ते लाव, उठलीस की बंद कर. दिवा लागला म्हणजे ताई बसली आहे, दिवा विझला म्हणजे दुकान बंद. हे गावाला पंधरा दिवसांत कळेल, आणि मग लोक पाटी न वाचता लांबूनच दिवा बघून ठरवतील. बंद दुकानावर रात्रभर लखलखणारी पाटी म्हणजे सरळसरळ फसवणूक.

वीज जाईल, ती धरूनच चाल. इन्व्हर्टरवर पहिला हक्क फ्रीजचा, दुसरा गल्ल्यावरच्या दिव्याचा, तिसरा रात्रीच्या बेलचा, ती लावलीस तर. मोठ्या पाटीला शेवटी काही उरलं तर. म्हणून वेळेची ओळ रंगाऐवजी रेडियमच्या पट्टीने करून घे, गाड्यांच्या नंबर प्लेटवर लावतात तसलं. वीज नसताना गाडीचा दिवा पडला की ती अक्षरं चमकतात. पायी येणाऱ्याला ती दिसणार नाहीत, कारण तो उजेड ज्याच्याकडून येतो त्याच्याकडेच परत जातो. त्याच्यासाठी हिरव्या चिन्हाचा छोटा दिवा इन्व्हर्टरवर ठेव, तो फार वीज खात नाही.

फ्रीजचं निघालं म्हणून सांगतो. ‘इन्सुलिन मिळेल’ ही ओळ लिहायचा तुझा विचार आहे. रात्री साखरेच्या पेशंटच्या घरच्यांना तिचा फार आधार वाटेल. पण न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहावं लागतं, आणि बर्फाला लागून गोठलं तरी ते वाया जातं. फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेव, सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिही. उन्हाळ्यातल्या वीज जाण्या-येण्यातूनही आकडा हलला नाही, तर पावसाळ्यात ती ओळ रंगव. तोवर थांब.

आता दुसऱ्या प्रश्नाची ओळ, इथं काय मिळेल याची. ‘सर्व औषधे’ कुणाकडेच नसतात, म्हणून तो शब्द काढ. त्याजागी दारावर, उभ्या माणसाला वाचता येईल अशी, दोन ओळींची पाटी लाव: ‘डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुन्या गोळ्यांची पट्टी सोबत आणा. लहान मुलाचं औषध घेताना त्याचं वजन सांगा.’ पट्टी चिठ्ठीची जागा घेत नाही, पण म्हातारी ‘ती पिवळी गोळी’ म्हणते तेव्हा पट्टीवरून नाव तरी कळतं. आणि वजनाचं यासाठी, की मुलांच्या तापाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. एका किलोला एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असा तो हिशोब आहे. घाबरलेली आई वय सांगते, वजन विसरते. पाटीने आठवण करून दिली की तुझं काम सोपं होतं. दुकानात वजनकाटा ठेव, म्हणजे ती ओळ नुसती सूचना राहणार नाही.

नकाराचीही पाटी हवी, आणि ती रात्री जास्त लागते. अकराच्या सुमाराला झोपेची गोळी, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल मागणारे येतील. ही सगळी शेड्यूल एच-1 मधली आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, आणि दिल्यावर डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. तू एकटी बाई काउंटरमागे असताना रात्री तोंडी वाद घालणं बरं नाही. पाटीकडे बोट दाखवता आलं पाहिजे. म्हणून गल्ल्याच्या वर, दिव्याखाली: ‘झोपेच्या, नशेच्या आणि अँटिबायोटिक गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. रात्रीही.’ शेवटचा शब्द मुद्दाम घातला आहे, कारण ‘आता कोण बघतंय’ हाच त्यांचा युक्तिवाद असतो. तिथंच तुझं लायसन्स लाव. अंगावर पांढरा कोट आणि नाव-नोंदणी क्रमांकाचा बिल्ला ठेव, 2015 च्या नियमांत तो सांगितलेलाच आहे. कोपऱ्यात अंधारात टांगलेलं लायसन्स रात्रीच्या माणसाला दिसत नाही, उजेडात ठेव.

तिसरा प्रश्न, पुढं कुठं जाऊ, याचं उत्तर कुठल्याही मेडिकलच्या पाटीवर मी वाचलं नाही. मला तीच पाटी सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपला भाग जंगलाचा आणि शेताचा. पावसाळ्यात साप चावल्याचे पेशंट येतात, आणि घरचे लोक आधी मेडिकलवर थांबून ‘काही इंजेक्शन आहे का’ विचारतात. सापाच्या विषावरची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती डॉक्टरांच्या नजरेखाली, सलाईनमधून द्यावी लागते आणि तिची रिअॅक्शन येऊ शकते. तुझ्याकडे थांबलेली पाच मिनिटंसुद्धा त्या माणसाला महाग पडतील. म्हणून शटरशेजारी, शटर खाली असतानाही वाचता येईल अशी पाटी लाव: ‘साप चावला, छातीत दुखतंय, दम लागलाय, बाळंतपणाच्या कळा आल्या तर इथे थांबू नका. 108 लावा. सरकारी दवाखाना गाठा.’ खाली बाण काढून आपल्या गावच्या आरोग्य केंद्राची दिशा दे आणि गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयाचं नाव लिही. 108 ची गाडी 2014 पासून महाराष्ट्रात आहे, पण रात्री गोंधळलेल्या माणसाला तो आकडा समोर दिसावा लागतो. या पाटीने तुझं एक रुपयाचंही औषध खपणार नाही. तरी पहिल्या दिवसापासून लाव.

बंद झाल्यानंतरची बेल लावायची की नाही, हे तू ठरव. दुकानामागेच राहतेस, म्हणून जमू शकेल. लावलीस तर बेलवर लहान दिवा ठेव आणि शेजारी लिही: ‘रात्री 11 नंतर फक्त तातडीसाठी बेल वाजवा. पाच मिनिटं थांबा.’ बेलच्या मसुद्यात तू ‘बाहेर येते’ लिहिलं होतंस, ते काढ. आत बाई आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळायची गरज नाही. ‘पाच मिनिटं थांबा’ ही ओळ दोन कामं करते. माणूस दुसऱ्यांदा बेल दाबत नाही, आणि तुला घरातल्या कुणाला उठवून, बाहेरचा दिवा लावून, जाळीच्या खिडकीतून चिठ्ठी बघायला वेळ मिळतो. शटर वर करायचं नाही, जाळीतूनच द्यायचं. आणि ज्या काळात तू माहेरी असशील, त्या काळात बेलवर कागद चिकटव आणि दिवा काढ.

अशा बंदच्या दिवसांसाठी दारापाशी खडूची एक पाटी टांगलेली ठेव. पोळा, घरचं लग्न, आजारपण, जे असेल त्याचं कारण लिहायची गरज नाही. एवढंच लिही: ‘आज रात्री 8 ला बंद. उद्या सकाळी 9 ला उघडेल.’ त्याखाली त्या रात्री उघडं असणाऱ्या दुसऱ्या मेडिकलचं नाव लिही, त्याला आधी विचारून. तुझे बाबा म्हणतील, गिऱ्हाईक तिकडे पाठवतेस का? पाठव. तो माणूस पुढच्या वेळी तुझ्याकडेच येईल, कारण बंद असतानाही तू त्याला रस्ता दाखवलास.

कायद्याचं थोडं राहिलं, ते पटकन सांगतो. पाटीवर मराठी आधी, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. 2022 पासून हे लहान दुकानांनाही लागू आहे. खाली तेलुगूत एक ओळ लिहायला हरकत नाही, ती जाणकाराकडून लिहून घे. नावासोबत ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ असं घाल. ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’ हे शब्द, दुकानात औषध तयार करायची सोय असणाऱ्यांसाठी नियमांत राखलेले आहेत. तुझ्याकडे ती सोय नाही. लोक ‘मेडिकल’ म्हणतात, तो शब्द मोठा राहू दे. कंपनीचा माणूस फुकट पाटी देतो म्हणाला आणि तीत ‘साखर मुळापासून बरी’, ‘लकवा हमखास बरा’ असलं काही असेल तर परत पाठव. 1954 च्या कायद्याने अशी जाहिरात गुन्हा आहे, आणि भिंतीवरची पाटीही जाहिरातच. ‘सूट’ची ओळही या पाटीवर नको. रात्री पोराला घेऊन आलेला माणूस दहा टक्के शोधत नाही.

पेंटरला मजकूर फोनवरून सांगू नकोस. मोठ्या कागदावर, स्वच्छ अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घ तपासून लिहून दे, आणि आकडे लाल शाईने अधोरेखित कर. रंगवण्याआधी त्याने खडूने आखलेली पाटी रात्री दिव्यात रस्त्यापलीकडून वाचून बघ. ‘रात्री’ची वेलांटी दीर्घ आहे ना आणि ‘पर्यंत’वरचा अनुस्वार नीट दिसतो ना, ते बघूनच पैसे दे.